सामंजस्य कराराचा गोषवारा विभागप्रमुखांसाठी कसा लिहावा: जबाबदाऱ्या, मुदती, पैसे आणि बाहेर पडायची वाट

दोन संस्थांमधला सामंजस्य करार बहुतेक वेळा विभागप्रमुखांच्या टेबलावर सह्या झाल्यानंतरच येतो. बोलणी प्राचार्य आणि समोरच्या संस्थेचे संचालक करतात, मसुदा कुलसचिवांच्या कार्यालयात फिरतो, फोटो निघतात, आणि मग चौदा पानांची प्रत विभागात पोहोचते. करारात विभागप्रमुखांचं नाव कुठेही नसतं, पण काम मात्र त्यांनाच उभं करायचं असतं. मी काम करतो त्या ठिकाणच्या विभागप्रमुख मॅडम पहिल्याच वेळी मला म्हणाल्या होत्या, "माझी कोणती माणसं यात गुंतणार, कधी गुंतणार, पैसे हातात कधी येणार आणि उद्या बिनसलं तर काय, एवढं मला एका पानावर द्या." गोषवाऱ्याची याहून नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. एका विज्ञान महाविद्यालयाचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि पाण्यावर काम करणारी एक संशोधन संस्था यांनी ४० विहिरींचं पाणी दोन वर्षं तपासायचं ठरवलं आहे. वर्षातून दोन फेऱ्या, पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये आणि पावसाळ्याआधी मे महिन्यात, म्हणजे एकूण १६० नमुने. उदाहरण आणि त्यातले आकडे मी रचलेले आहेत, पण कराराची ठेवण नेहमी भेटणारीच आहे.

वाचण्याआधी कागद पुरे आहेत का ते पाहा

मुख्य करारासोबत त्याची सगळी परिशिष्टं हातात हवीत. प्रत्यक्ष काम बहुधा परिशिष्टातच लिहिलेलं असतं. मुख्य मजकुरात "उभय पक्ष सहकार्य करतील" एवढंच असतं आणि नमुने किती, अहवाल कधी, हप्ता किती, हे मागच्या पानांवर. आपल्या उदाहरणात परिशिष्ट 'अ' कामाचं आणि परिशिष्ट 'ब' अंदाजपत्रकाचं आहे. नंतर एखादं दुरुस्तीपत्र झालं असेल तर तेही मागून घ्या, नाहीतर जुन्या अटींचा गोषवारा होऊन बसेल.

मग सह्यांचं पान पाहा. महाविद्यालयाने १२ जून २०२५ ला सही केली आणि संस्थेने ३ जुलै २०२५ ला. करार कोणत्या दिवशी लागू झाला? याचं उत्तर व्याख्यांच्या कलमात शोधायचं. आपल्या करारात "शेवटची सही झाल्याचा दिनांक" असं आहे, म्हणजे ३ जुलै. पुढची प्रत्येक तारीख या एका दिवसावर टेकलेली असल्यामुळे गोषवाऱ्याच्या अगदी वर तोच लिहायचा.

करार पहिल्यांदा वाचताना काहीच लिहू नका. दुसऱ्या वाचनात समासात चार खुणा करत जा: जबाबदारीसाठी ज, मुदतीसाठी मु, निधीसाठी नि आणि बाहेर पडण्यासाठी बा. एकाच वाक्यावर दोन-तीन खुणा पडल्या तर ते वाक्य परत वाचायचं, कारण घोटाळा बहुधा तिथेच असतो. "अंतिम अहवाल स्वीकारल्यानंतर ३० दिवसांत शेवटचा हप्ता देण्यात येईल" या वाक्यात जबाबदारी आहे, मुदत आहे आणि पैसाही आहे. ते फक्त निधीच्या रकान्यात टाकलं तर 'स्वीकारल्यानंतर' हा शब्द हरवतो.

जबाबदाऱ्या: क्रियापद जपा

बहुतेक करार इंग्रजीत असतात आणि गोषवारा मराठीत लिहायचा असतो. या उतरवण्यात सर्वांत आधी क्रियापद बळी पडतं. 'शॅल' असेल तर ते बंधन आहे, मराठीत "करील" किंवा "करणे बंधनकारक". 'मे' असेल तर मुभा, "करू शकेल". 'एन्डेव्हर' किंवा 'बेस्ट एफर्ट्स' असेल तर "प्रयत्न करील", म्हणजे जमलं नाही तर जाब विचारणं अवघड. आपण घाईत "विद्यार्थ्यांना प्रशिक्षण: संशोधन संस्था" असं लिहून मोकळे होतो आणि विभागप्रमुख प्रशिक्षण नक्की मिळणार असं धरून वेळापत्रक बांधतात. करारात मात्र असतं, "संस्था दरवर्षी सहा विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देण्याचा प्रयत्न करील." म्हणून प्रत्येक जबाबदारीपुढे एकच शब्द लिहावा: बंधन, मुभा किंवा प्रयत्न. त्यापुढे कलमाचा क्रमांक.

दुसरी जागा कर्ता नसलेल्या वाक्यांची. आपल्या कराराचं कलम ४.३ असं आहे: "नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पोहोचवले जातील." कोण पोहोचवणार? वाक्य सांगत नाही. ही बाब वरवर क्षुल्लक वाटेल, पण जिवाणू तपासणीचा नमुना थंड पेटीत आणावा लागतो आणि चोवीस तासांच्या आत लावावा लागतो. म्हणजे गाडी, बर्फ, सोबत जाणारा माणूस आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत थांबणारा दुसरा माणूस, एवढं सगळं त्या कर्ताहीन वाक्यात दडलेलं आहे. अशा ठिकाणी आपल्या अंदाजाने "महाविद्यालय" असं लिहायचं नाही. "करारात स्पष्ट नाही" असंच लिहायचं आणि प्रश्न वेगळा नोंदवायचा.

तिसरी गोष्ट, पैशाचा उल्लेख नसलेल्या पण पैसे खाणाऱ्या जबाबदाऱ्या. कलम ५.१ म्हणतं, "महाविद्यालय जागा, वीज, पाणी व सहायक कर्मचारी पुरवील." विभागात प्रयोगशाळा परिचर एकच असेल तर फेरीच्या आठवड्यात त्याचे किती दिवस जाणार हे विभागप्रमुखांना आधी कळलं पाहिजे. करारातलं "महाविद्यालय" गोषवाऱ्यात विभागातल्या माणसांपर्यंत आणायचं, पण करार काय म्हणतो आणि आपण काय सुचवतो हे वेगळं ठेवून. "कलम ५.१: सहायक कर्मचारी महाविद्यालयाचा (बंधन). सूचना: फेरीच्या काळात परिचराचे तास आधी ठरवावेत." असं लिहिलं की दोन्ही आवाज वेगळे ऐकू येतात.

मुदती: 'महिन्यांत' नको, तारीख हवी

"लागू झाल्यापासून सहा महिन्यांत" हे गोषवाऱ्यात जसंच्या तसं उतरवलं तर काम निम्मंच झालं. २ जानेवारी २०२६ असं लिहा. आपल्या करारात दोन कालावधी आहेत आणि ते हमखास एकमेकांत मिसळतात. कराराची मुदत तीन वर्षांची, २ जुलै २०२८ पर्यंत. प्रकल्पाची मुदत २४ महिन्यांची, २ जुलै २०२७ पर्यंत. पैसे प्रकल्पापुरते आहेत, पण गोपनीयतेची आणि उपकरणांची बंधनं निदान करार असेपर्यंत चालतात. हे दोन कालावधी दोन ओळींत लिहावेत.

तारखा काढून झाल्या की त्या महाविद्यालयाच्या वर्षावर ठेवून पाहा. मे महिन्याची फेरी परीक्षा आणि उन्हाळी सुट्टीत पडते. नमुने आणायला विद्यार्थी नसतील, शिक्षक परीक्षेच्या कामात असतील. करारात हे कुणी लिहिणार नाही. ते विभागप्रमुखांच्या लक्षात आणून देणं गोषवारा करणाऱ्याचंच काम आहे.

आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे माझी स्वतःची चूक झालेली आहे. सुरुवातीच्या काळात मी केलेल्या एका गोषवाऱ्यात मुदतीचं कलम नीट उतरवलं, पण शेवटच्या पानावर "इतर तरतुदी"खाली असलेलं एक वाक्य माझ्याकडून सुटलं. मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवलं नाही तर करार तेवढ्याच काळासाठी पुढे चालू राहील, असं ते वाक्य होतं. सहकार्य थांबवायचं ठरलं तेव्हा करार आधीच वाढलेला होता आणि विभागाला नको असलेलं काम आणखी एक वर्ष ओढावं लागलं. तेव्हापासून मी "इतर तरतुदी" हे पान सर्वांत आधी वाचतो.

आपल्या करारातही असं वाक्य आहे: मुदतीच्या ६० दिवस आधी कळवावं. २ जुलै २०२८ पासून ६० दिवस मागे मोजलं की ३ मे २०२८ येते. त्याच्या दोनच दिवस आधी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, आणि तो काळ परीक्षांचा. त्यामुळे गोषवाऱ्यात "निर्णय एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात" असं लिहावं आणि शेजारी कराराप्रमाणे शेवटची तारीख ३ मे.

निधी: मोठा आकडा आणि हातातला आकडा

पहिल्या पानावर १२,००,००० रुपये लिहिलेलं असतं आणि बातमीतही तेच छापून येतं. विभागप्रमुखांना लागतो तो आकडा वेगळा असतो आणि तो काढण्यासाठी तीन कलमं एकत्र वाचावी लागतात.

पहिलं, कलम ६.४ प्रमाणे महाविद्यालयाचा १० टक्के ओव्हरहेड प्रत्येक हप्त्यातून वळता होतो. म्हणजे विभागासाठी १०,८०,००० उरतात. परिशिष्ट 'ब' मध्ये ते असे वाटलेले आहेत: उपकरणं ३,००,०००, प्रकल्प साहाय्यकाचं मानधन दरमहा २०,००० प्रमाणे २४ महिन्यांचं ४,८०,०००, काचसामान आणि रसायनं २,००,०००, प्रवास १,००,०००. बेरीज जुळते. ही बेरीज स्वतः करून पाहायचीच. मुख्य कराराचा आकडा आणि परिशिष्टाची बेरीज जुळत नसल्याचं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

दुसरं, हप्ते ४०, ४० आणि २० टक्क्यांचे आहेत. ओव्हरहेड वजा जाता विभागाला अनुक्रमे ४,३२,०००, ४,३२,००० आणि २,१६,००० मिळणार. तिसरं, शेवटचा हप्ता अंतिम अहवाल स्वीकारल्यानंतर. अहवाल तेव्हाच होणार जेव्हा सगळं काम आणि सगळा खर्च झालेला असेल. म्हणजे विभागाने १०,८०,००० खर्च करायचे, पण तोपर्यंत हातात येणार ८,६४,०००. मधले २,१६,००० कुठून आणायचे? महाविद्यालय उसने देईल का? गोषवाऱ्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, आणि करारात ती कुठेही लिहिलेली नाही. तीन कलमं शेजारी ठेवली की मगच दिसते.

दुसऱ्या हप्त्याची अट वाचताना 'किती' आणि 'कशाच्या' हे दोन्ही पाहा. "पहिल्या हप्त्याच्या किमान ६० टक्के खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर केल्यावर" असं असेल तर प्रमाणपत्रावर सही कुणाची हेही त्याच कलमात सापडायला हवं. सनदी लेखापालांची सही लागत असेल तर त्याला वेळ लागतो. इथे एक उपयोगाची गोष्ट दिसते: ३ लाखांची उपकरणं पहिल्या हप्त्यातून घेतली तर ६० टक्क्यांची अट तेवढ्यानेच पुरी होते, कारण ४,८०,००० चे ६० टक्के म्हणजे २,८८,०००. म्हणजे खरेदी लवकर झाली की दुसरा हप्ता लवकर मागता येतो. मात्र पहिला हप्ता लागू दिनांकानंतर ३० दिवसांत, म्हणजे २ ऑगस्टपर्यंत यायचा आहे. दरपत्रकं, खरेदी समिती, पुरवठा हे सगळं ऑक्टोबरच्या फेरीआधी उरकायला दोन महिने मिळतात. इन्क्युबेटर उशिरा आला तर पहिली फेरीच हुकते आणि ती पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्येच येते.

आणखी तीन बाबी एकेका ओळीत नोंदवाव्यात: रक्कम करांसह आहे की कर वेगळा, एका शीर्षातला पैसा दुसऱ्या शीर्षात वळवता येतो का, आणि बँकेत पडून मिळालेलं व्याज कुणाचं. आपल्या करारात व्याज परत करायचं आहे, त्यामुळे खातं वेगळं काढावं लागेल.

बाहेर पडणे: नोटिशीचे दिवस मोजून थांबू नका

"९० दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणताही पक्ष करार संपवू शकेल." बहुतेक गोषवारे इथेच संपतात. वास्तविक विभागप्रमुखांना हवं असतं ते त्या नव्वद दिवसांनंतरचं चित्र. ते काढायचा सोपा उपाय म्हणजे एखादी कल्पित तारीख धरून करार चालवून पाहणे.

समजा संस्थेने १ सप्टेंबर २०२६ ला नोटीस दिली. करार ३० नोव्हेंबरला संपेल. ऑक्टोबरची फेरी होईल, मे २०२७ ची होणार नाही. चारपैकी तीन फेऱ्या झालेल्या, मग तिसऱ्या हप्त्याचं काय? अंतिम अहवालच होणार नसेल तर तो हप्ता मागायला आधार काय? प्रकल्प साहाय्यकाची नेमणूक जुलै २०२७ पर्यंत असेल तर उरलेल्या सात महिन्यांचे १,४०,००० रुपये कोण देणार? कलम ११.४ म्हणतं की न वापरलेली रक्कम ६० दिवसांत परत करावी, म्हणजे २९ जानेवारी २०२७ पर्यंत. आधीच देणं लागलेल्या खर्चाबद्दल करार गप्प आहे. हे गप्प असणंच गोषवाऱ्यात लिहायचं. नेमणूकपत्रात "प्रकल्प संपल्यास एक महिन्याच्या सूचनेने नेमणूक संपेल" अशी ओळ घालता येईल, पण ती नेमणुकीआधी सुचायला हवी.

नोटीस कुणी दिली यावर परिणाम बदलतात का तेही पाहा. अटीभंगामुळे करार संपवायचा असेल तर सहसा चूक सुधारायला मुदत मिळते. आपल्या करारात ती ३० दिवसांची आहे. नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि कशी, टपालाने की ईमेलने, आणि ती 'दिली' कधी धरायची, हेही टिपून ठेवा. पुढे उपकरणं कुणाची (इथे संस्थेची, म्हणजे परत जाणार), निकालांची आकडेवारी कोण वापरू शकणार, अर्ध्यावर असलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना ती वापरता येईल का. आणि शेवटी, करार संपल्यावरही जिवंत राहणारी कलमं. इथे गोपनीयता आणखी दोन वर्षं चालते, त्यामुळे शोधनिबंध पाठवताना संस्थेची परवानगी तेव्हाही लागेल.

"हा तर नुसता सामंजस्य करार, बंधनकारक थोडाच आहे" असं विभागात हटकून कुणीतरी म्हणतं. कागदाच्या वर काय नाव लिहिलं आहे यावर ते ठरत नाही. पैसे, कामं आणि परिणाम नेमके लिहिलेले असतील आणि बांधून घेण्याचा हेतू दिसत असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ खाली तो बंधनकारक करार ठरू शकतो. काही करारांत "हा करार बंधनकारक नाही" असं कलम असतं आणि त्याच्याच खाली गोपनीयता, बौद्धिक संपदा व वाद निवारण यांना अपवाद केलेलं असतं. गोषवाऱ्यात ते कलम आणि अपवाद दोन्ही उतरवा. त्याचा अर्थ लावणं विधी सल्लागारांवर सोडा.

एक पान

आता लिहायला घ्या. वर लागू दिनांक आणि दोन्ही कालावधी, मग चार भाग, आणि तळाशी अनुत्तरित प्रश्न. आपल्या उदाहरणाचं पान साधारण असं होईल:

> लागू दिनांक: ३ जुलै २०२५ (कलम १.२). प्रकल्प: २ जुलै २०२७ पर्यंत. करार: २ जुलै २०२८ पर्यंत, ३ मे २०२८ पर्यंत लेखी न कळवल्यास आपोआप वाढतो (कलम १४.६).
>
> आपल्याकडे: ४० विहिरींची तपासणी, ४ फेऱ्या (बंधन, परिशिष्ट अ). प्रत्येक फेरीचे निकाल १५ दिवसांत (बंधन, परिशिष्ट अ). जागा, वीज, परिचर (बंधन, ५.१). संस्थेकडे: निधी (बंधन, ६.१), सहा विद्यार्थ्यांना प्रशिक्षण (प्रयत्न, ४.६).
>
> तारखा: पहिला हप्ता २ ऑगस्ट २०२५. फेऱ्या ऑक्टोबर २०२५, मे व ऑक्टोबर २०२६, मे २०२७. पहिला अहवाल २ जानेवारी २०२६. अंतिम अहवाल २ सप्टेंबर २०२७.
>
> निधी: एकूण १२,००,०००, विभागाला १०,८०,०००. अंतिम अहवालापूर्वी हातात ८,६४,०००; तूट २,१६,०००. व्याज परत करायचे (६.७).
>
> बाहेर पडणे: ९० दिवसांची लेखी नोटीस (११.१), अटीभंगात सुधारण्यास ३० दिवस (११.२). उपकरणे व शिल्लक रक्कम परत (११.३, ११.४). गोपनीयता पुढे २ वर्षे (९.३).
>
> उत्तर हवे: १. नमुने आणण्याची जबाबदारी व गाडी कुणाची? (४.३, संस्थेला विचारावे) २. २,१६,००० ची तूट महाविद्यालय भागवेल का? (लेखा विभाग) ३. मध्येच करार संपल्यास साहाय्यकाचे मानधन? (विधी सल्लागार)

प्रश्नांची यादी पाच-सहांच्या पुढे जाऊ देऊ नका आणि प्रत्येकापुढे तो कुणाला विचारायचा ते लिहा. नुसते प्रश्न टाकले की ते तिथेच राहतात.

पान झालं की दोन बाजूंनी तपासा. आधी गोषवाऱ्यातून कराराकडे जा: प्रत्येक ओळीचं कलम उघडून शब्द जुळतो का पाहा. मग करारातून गोषवाऱ्याकडे या: समासातल्या प्रत्येक खुणेचं पानावर काय झालं ते बघा. एखादी खूण जाणूनबुजून सोडली असेल तर हरकत नाही, पण का सोडली ते स्वतःला सांगता आलं पाहिजे. शक्य असल्यास ज्याने करार वाचलेला नाही अशा सहकाऱ्याला फक्त ते पान द्या आणि विचारा, "ऑक्टोबरमध्ये आपल्याला काय करायचंय आणि त्याला पैसे आहेत का?" तो अडखळला तर ती ओळ परत लिहा.

पानाच्या कोपऱ्यात गोषवारा केल्याची तारीख आणि कोणत्या प्रतीवरून केला ते लिहून ठेवा. प्रश्नांची उत्तरं आली की ती तोंडी न ठेवता पत्राच्या किंवा ईमेलच्या तारखेसह त्याच प्रश्नाखाली नोंदवा. दुरुस्तीपत्र आलं तर जुन्या पानावर खाडाखोड न करता नवं पान करा आणि जुनं फाइलमध्ये मागे लावा.